नवशिक्यांचा रनिंग प्लॅन: तीन आठवडे चढ, चौथा उतार

नव्याने पळायला लागलेल्या माणसाने दर आठवड्याला किती किलोमीटर करायचे, कुठल्या स्पीडने करायचे आणि कधी मुद्दाम कमी करायचे, याची आखणी म्हणजे रनिंग प्लॅन. सगळ्यात जास्त चालणारा पॅटर्न म्हणजे तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात साधारण ३० टक्के कापायचं. या चौथ्या आठवड्याला रिकव्हरी वीक म्हणतात, आणि नवीन लोक नेमका हाच आठवडा गाळतात, कारण तोपर्यंत दम लागणं कमी झालेलं असतं आणि वाटतं आता कशाला कमी करायचं.

पण दम आणि हाड एका वेगाने सुधारत नाहीत. हृदय आणि श्वास दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात, नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवीन भरतं, त्यामुळे मधल्या काळात, साधारण तीन-चार आठवड्यांनी, ते हाड उलट थोडं नाजूक असतं. म्हणजे आपल्याला भारी वाटायला लागतं तेव्हाच नडगी कच्ची असते. चौथा आठवडा कमी ठेवायचा तो यासाठी.

उदाहरण घेऊ. नेरुळला राहणारी चाळिशीची एक ताई, थोडं पळत थोडं चालत ५ किमी ३५ मिनिटांत करते, म्हणजे किमीला ७ मिनिटं. आठवड्यात तीन दिवस पळायचं, मंगळवार, गुरुवार आणि रविवारी लाँग रन. पहिला आठवडा ३, ४ आणि ५ मिळून १२ किमी, दुसरा १४, तिसरा १६ (त्यात रविवारचे ७), आणि चौथा ११. पाचव्याला परत १६ वरच यायचं, त्याच्या पुढे उडी नाही, मग १८, मग २०, आणि आठवा १४. दर आठवड्याला १० टक्केच वाढवा असा नियम सगळे सांगतात, पण १२ किमीचे १० टक्के म्हणजे सव्वा किमीसुद्धा नाही, एवढ्या लहान आकड्यांवर दोन किमीची वाढ चालते, मात्र मध्ये उतार हवाच.

आता पेस. तिच्या ७ मिनिटांवरून तीन झोन निघतात. इझी म्हणजे किमीला सव्वाआठ ते नऊ मिनिटं, सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. टेम्पो म्हणजे सव्वासात ते साडेसात, तीन-चार शब्दांत दम लागतो. आणि फास्ट म्हणजे सातच्या थोडं आत. पहिले चार आठवडे सगळंच इझी, पाचव्यापासून फक्त गुरुवारी मध्ये पाच-पाच मिनिटांचे दोन टेम्पो तुकडे, फास्टला या आठ आठवड्यांत हातच लावायचा नाही. नऊच्या पेसला पळताना लाज वाटते, पामबीचवर लोक शेजारून सुसाट जातात, तरी नऊच ठेवायचा.

आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे दमट हवा. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घाम वाळतच नाही, शरीर थंड करायला रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच पेसला हार्टरेट चढतो. अशा दिवशी घड्याळातला आकडा सोडायचा आणि बोलता येतंय का एवढंच बघायचं, मग इझी साडेनऊवर गेला तरी तो इझीच. ठाणेकरांना अजून एक सांगतो, उपवनवरून येऊरचा चढ खूप खुणावतो, पण चढावर इझी पेस इझी राहत नाही आणि उतरताना नडगीवर मार बसतो, म्हणून पहिले आठ आठवडे उपवनच्या सपाटीवरच राहा.

रिकव्हरी वीकमध्ये दिवस तेवढेच ठेवायचे, अंतर कमी करायचं आणि टेम्पो काढून टाकायचा. अंतर कमी आहे म्हणून जोरात पळलं तर सगळं फुकट.

नडगी दुखायला लागली तर आधी दुखतंय कसं ते बघा. आतल्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं, जे पळायला लागल्यावर कमी होतं, ते बहुतेक शिन स्प्लिंट्स. तिथेच रिकव्हरी वीक आधी आणायचा आणि कमी झाल्यावर जुन्या आकड्यावरून सुरू करायचं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि ऑर्थोपेडिककडे जायचं, कारण ते हाडाला बारीक चीर गेल्याचं लक्षण असू शकतं, आणि सुरुवातीच्या एक्सरेमध्ये ती दिसेलच असं नाही.

तापाने किंवा ऑफिसमुळे एखादा आठवडा बुडला तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही, शेवटचा नीट झालेला आठवडा परत करायचा. रिकव्हरी वीकमध्ये जोरात न पळण्याला अपवाद एकच, आठव्या आठवड्याच्या रविवारी लाँग रनऐवजी परत ५ किमी जोर लावून पळायचं, जी वेळ येईल तिच्यावरून तिन्ही झोन नव्याने काढायचे आणि नववा आठवडा २० किमीवरून सुरू करायचा.