चार कामट्यांची तलवार

केंडो या जपानी तलवारबाजीच्या व्हिडिओखाली एक प्रतिक्रिया हमखास असते: ‘बांबूची तर काठी आहे, हलकी असते, तिने काय लागणार!’ यातला ‘हलकी’ हा शब्द साफ चुकीचा आहे. स्पर्धेत प्रौढ पुरुषांनी वापरायची शिनाई, म्हणजे केंडोची बांबूची तलवार, किमान ५१० ग्रॅमची असावी लागते. बोक्केन, म्हणजे ओकच्या लाकडाची तलवार, साधारण तेवढ्याच वजनाचा, कधी थोडा जड असतो. तरीही शिनाईने समोरच्याच्या डोक्यावर पूर्ण वेगाने वार करतात आणि बोक्केनने तसं करायची कुणाची छाती होत नाही. फरक वजनात नाही, बांधणीत आहे.

शिनाई अख्ख्या बांबूची नसते. बांबूच्या चार कामट्या तासून, हिरव्या सालीची बाजू बाहेर ठेवून त्या एकत्र बसवतात. खाली मुठीवर चामड्याची लांब पिशवी आणि वर टोकाला चामड्याची टोपी असते. टोपीपासून मुठीपर्यंत तलवारीच्या पाठीवरून एक ताणलेली दोरी जाते, आणि टोकाकडच्या भागात चामड्याच्या वादीचा घट्ट वेढा असतो. मुठीच्या आत कामट्यांच्या खाचांत धातूची छोटी चौकोनी पट्टी अडकवलेली असते, त्यामुळे कामट्या जागच्या फिरत नाहीत. खिळा नाही, डिंक तर नाहीच, आणि सगळी गंमत या डिंक नसण्यातच आहे.

दोनशे पानी वही वाकवून पाहा. ती सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं एकमेकांना चिकटवली तर हातात फळी येईल. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की विरोध एक अष्टमांश होतो. म्हणून एका जाड पट्टीऐवजी निम्म्या जाडीच्या दोन सुट्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, तर दोघींचा मिळून विरोध मूळच्या एक चतुर्थांशच भरतो. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, ताठरपणा मात्र पाव.

आता आघाताचं गणित. आघाताचं सर्वांत ढोबळ प्रारूप घेतलं तर कमाल बल असं येतं:

F = v√(mk)

यात v वेग, m वस्तुमान आणि k ताठरपणा. वेग आणि वस्तुमान तसंच ठेवून k पाव केला की F निम्मं होतं आणि आघाताचा काळ दुप्पट होतो. संवेग तेवढाच पोचतो, पण सावकाश. खऱ्या शिनाईत हा हिशेब इतका सरळ नसतो. कामट्या दोन्ही टोकांना बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या पूर्ण मोकळेपणाने सरकत नाहीत. वार बसताच मधल्या भागात त्या क्षणभर फाकतात, वाकतात, एकमेकींवर घासतात आणि परत मिटतात. या घासण्यात थोडी ऊर्जा जिरते. तो खणखणीत ‘पॅन्’ आवाज कामट्या एकमेकींवर आपटल्याचाच असतो. त्यात सामुराईचा आत्मा किंवा ‘की’ नावाची गूढ शक्ती शोधू नये, कामट्या पुरेशा आहेत.

अर्थात केवळ शिनाईने भागत नाही. जाळीचा मुखवटा, छातीवरचं कवच आणि जाड हातमोजे लागतातच. अठराव्या शतकात जपानमधल्या तलवारबाजीच्या शाळांत शिनाई आणि चिलखत ही जोडी रुळली, तेव्हा कुठे रोजच्या सरावात खरा वार करता येऊ लागला. त्याआधी बोक्केनने ठरावीक क्रमाचे सराव चालत. ते आजही चालतात. केंडोच्या दहा ‘काता’ लाकडी तलवारीनेच करतात, आणि वार अंगापासून थोडा अलीकडे थांबवतात. अख्खं ओक जवळजवळ वाकत नाही, त्यामुळे आघाताचा सगळा भार हाडावर येतो. मियामोतो मुसाशीने १६१२ मध्ये सासाकी कोजिरोला लाकडी तलवारीनेच मारलं अशी परंपरागत कथा आहे. तपशील बाजूला ठेवले तरी त्यात अशक्य असं काही नाही. पण बोक्केनला तलवारीची वक्रता आणि धारेची बाजू असते. सरळ, गोलसर शिनाईत धार कुठे ते फक्त दोरीवरून कळतं: दोरी पाठीवर, धार तिच्या समोर.

त्यामुळे मार नेहमी त्याच एका कामटीवर पडतो. आधी कडेला बारीक कूस निघते, मग तंतूंच्या दिशेने चीर जाते. खरा धोका इथेच आहे. चिरलेली कामटी वाराच्या वेळी सुटली, किंवा टोकाची टोपी निघाली, तर अणकुचीदार बांबू मुखवट्याच्या आडव्या गजांमधून थेट डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून सरावाआधी शिनाई हातात पिळून, कामट्या दाबून पाहतात आणि कडांवरून बोट फिरवतात. आवाज बसका आला की खेळ थांबवून ती उघडतात. कूस असेल तर कड तासून घासकागदाने गुळगुळीत करतात, आणि अधूनमधून कामट्यांच्या जागा बदलतात, म्हणजे झीज वाटली जाते. चीर गेलेली कामटी मात्र चिकटवत नाहीत, टाकूनच देतात. उरलेल्या तीन जपून ठेवतात. त्याच मापाची, पेरं जुळणारी चौथी कामटी दुसऱ्या मोडक्या शिनाईतून मिळाली, की त्यांची पुन्हा एक तलवार होते.