सर्वेक्षण अहवालाची गोपनीयता तपासणी : अर्ज, कागदपत्रे आणि अहवाल परत येण्याची खरी कारणे

खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या भागांत शाळा, आरोग्य किंवा स्थलांतर यांवर सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आणि पीएचडीचे विद्यार्थी अहवाल छापण्यापूर्वी नैतिकता समितीकडे पाठवतात, आणि त्यांतले बरेचसे अहवाल पहिल्या फेरीत परत येतात. परत पाठवताना समिती बहुधा ‘उत्तरदात्यांची ओळख उघड होते’ एवढेच लिहिते. अर्जदाराने नावे आधीच काढलेली असल्यामुळे आपले काय चुकले हे त्याला कळत नाही, आणि ते समजावून सांगण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही.

अर्ज मुख्य संशोधकाने करायचा असतो. विद्यार्थ्याचा अर्ज मार्गदर्शकाच्या सहीने जातो. ज्या संस्थेची स्वतःची समिती नाही, तिला दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिथल्या समितीकडे जाता येते. प्रत्येक समितीचा नमुना वेगळा असला, तरी अहवालाची प्रत, मूळ मंजुरीपत्र, प्रश्नावली आणि संमतिपत्र सर्वत्र मागतात. यातले संमतिपत्र बहुतेकांना अडवते. मंजुरीच्या वेळी इंग्रजी मसुदा दिलेला असतो, गावात मात्र मराठी किंवा कन्नड मजकूर वाचून दाखवलेला असतो, आणि तो शेवटचा मजकूर कोणी जपून ठेवलेला नसतो. त्यात ‘गावाचे नाव कुठेही येणार नाही’ असे वचन दिले असेल, तर मुखपृष्ठावर गावाचे नाव घालता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष वाचलेल्या दोन्ही भाषांतल्या प्रती क्षेत्रकाम सुरू असतानाच फायलीला लावून ठेवाव्यात.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समजा, खानापूर तालुक्यातल्या तीन गावांत दहावीपूर्वी शाळा सोडलेल्या १०१ मुलींना कारण विचारले आणि पुढील तक्ता तयार झाला. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

| गाव | शाळा दूर | घरकाम | लग्न | एकूण |
|---|---|---|---|---|
| अ | १४ | ११ | २ | २७ |
| ब | १२ | १३ | १० | ३५ |
| क | १६ | १२ | ११ | ३९ |
| एकूण | ४२ | ३६ | २३ | १०१ |

गाव ‘अ’मध्ये लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुली दोनच आहेत. एवढ्या लहान गावात त्या कोणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि अल्पवयीन मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा असल्याने अहवालातली ही एक चौकट दोन घरांच्या दारात पोलीस आणू शकते. किती संख्येखालची चौकट दडवायची हे समिती ठरवते; कुठे ही मर्यादा ५ असते, कुठे १०, तर अमेरिकेतले मेडिकेअर कार्यालय १ ते १० हे आकडे दाखवत नाही. इथे दहापेक्षा कमी संख्या दडवायची असे धरू.

अर्जदार २ खोडून तिथे फुली मारतो आणि काम झाले असे समजतो. पण ओळीची बेरीज २७ तशीच राहिलेली असते. २७ मधून १४ आणि ११ वजा केले की २ परत येतात. म्हणून त्याच ओळीतली आणखी एक चौकट, समजा घरकामाची ११, दडवावी लागते. एवढ्यानेही भागत नाही, कारण लग्नाच्या स्तंभात २३ मधून १० आणि ११ वजा केले की पुन्हा २ च उरतात. तेव्हा गाव ‘ब’च्याही घरकाम आणि लग्न या दोन चौकटी दडवायच्या. म्हणजे चार चौकटींचा आयत झाकायचा. आता उरलेल्या आकड्यांवरून गाव ‘अ’मधली लग्नाची संख्या ० ते १२ मध्ये कुठेतरी आहे, एवढेच काढता येते. चार चौकटी झाकल्यावर प्रत्येक दडवलेल्या संख्येची किमान आणि कमाल मर्यादा स्वतः वजाबाकी करून पाहावी, कारण समितीतला सांख्यिकीचा सदस्य नेमके हेच करतो.

चार चौकटी गमावायच्या नसतील, तर ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र करून लग्नाची संख्या १२ दाखवता येते. वाचकाच्या दृष्टीने हे अधिक स्वच्छ दिसते, पण आपल्या सीमाभागात इथेच घात होतो. मराठी अहवालात ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र असतात, आणि सरकारी खात्याला दिलेल्या कन्नड सारांशात कोणीतरी रस्त्यालगतची गावे म्हणून ‘ब’ आणि ‘क’ एकत्र करतो. प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर निर्दोष आहे. दोन्ही शेजारी ठेवले की एकूण २३ मधून कन्नड सारांशातले २१ वजा होतात आणि गाव ‘अ’चे २ उघडे पडतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही आवृत्त्यांत गट एकच ठेवावेत आणि तिन्ही एकाच वेळी तपासणीला द्याव्यात, असे मी प्रत्येक अर्जदाराला सांगतो. बहुतेक जण सारांश हे अहवालात मोडत नाहीत असे मानतात.

तक्ता नीट झाकूनही मजकुरात ‘गाव अ मध्ये ७.४ टक्के’ असे वाक्य राहून जाते. २७ चे ७.४ टक्के म्हणजे दोन, हे कोणालाही काढता येते. वर्ड फाइलमधल्या आलेखाचे तेच, कारण त्यावर उजवी कळ दाबली की त्याच्या आत मूळ आकड्यांचा पूर्ण तक्ता उघडू शकतो. आलेख चित्र म्हणून चिकटवावा. उलट बाजूने, मोठा आकडाही फसवा असतो. एखाद्या गावात विचारलेल्या बाराही जणींनी लग्न हेच कारण सांगितले असेल, तर चौकट लहान नसूनही प्रत्येकीची गोष्ट उघड होते. तिथे गाव दुसऱ्याशी जोडण्यावाचून मार्ग नाही.

मुलाखतींतल्या अवतरणांतून नाव काढणे पुरेसे नसते. ‘४३ वर्षांची, गावातली एकमेव अंगणवाडी सेविका’ हे नावाइतकेच स्पष्ट आहे. वय ‘चाळिशीतली’ करावे आणि हुद्दा ‘शासकीय योजनेत काम करणारी’ असा लिहावा. बोलीची लकबही ओळख देते. कन्नड शब्द मिसळलेली खानापुरी मराठी जशीच्या तशी छापली, तर बोलणारी कोण हे गावकरी एका ओळीत सांगतात. अर्थ तसाच ठेवून वाक्य प्रमाण मराठीत आणावे आणि तसे केल्याचे अहवालात एका ओळीत नमूद करावे.

आणखी एक कागद जवळपास कोणाकडेच नसतो. कोणती चौकट कशासाठी दडवली, संख्या लहान म्हणून किती, वजाबाकी अडवण्यासाठी पूरक म्हणून किती, कोणते गट जोडले, याची साधी नोंद म्हणजे तो कागद. ही नोंद अहवालासोबत बंद पाकिटात समितीला द्यायची असते. ती अहवालात जोडली तर सगळे कष्ट वाया जातात, आणि असे जोडलेले परिशिष्ट मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

मुदतीबद्दल गैरसमज नको. मंजुरी बहुधा एका वर्षाची असते आणि ती मंजुरीपत्राच्या तारखेपासून मोजतात, क्षेत्रकाम सुरू झाल्यापासून नाही. पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला जाता आले नाही म्हणून चार महिने गेले, तरी ते वर्षातूनच जातात. मुदत संपण्याच्या आधी वाढीचा अर्ज द्यावा, कारण मंजुरी संपल्यावर गोळा केलेल्या माहितीचा अहवाल चौकटी कितीही चोख झाकल्या तरी समिती घेत नाही.