माफ केलेलं भाडं आणि मोफत फेरीचा खर्च

ट्रस्टच्या रुग्णवाहिकेचं बजेट मांडताना एक चूक हमखास होते. खर्चाच्या बाजूला डिझेल, ड्रायव्हरचा पगार, गाडीची देखभाल आणि शेवटी ‘गरीब रुग्णांना माफी’ असा चौथा आकडा येतो. बेरीज होते, सभा मान हलवते. पण ती माफी तिथे बहुतेक वेळा दुसऱ्यांदा मोजलेली असते. आमच्या ट्रस्टमध्ये मी स्वतः दोन वर्षं ती तशीच मांडली, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही.

आकडे घेऊन बघू. समजा एकच गाडी आहे. वर्षाला 600 फेऱ्या, जाऊन-येऊन सरासरी 30 किलोमीटरची फेरी, म्हणजे 18,000 किलोमीटर. गाडी लिटरला 9 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर किलोमीटरला 10 रुपये इंधन. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक यांचे 3 रुपये. हे 13 रुपये चाक फिरलं तरच लागतात, वर्षाचे 2,34,000. गाडी दारात उभी राहिली तरी लागतात ते दोन ड्रायव्हरांचे पगार आणि विमा-फिटनेस, मिळून 4,32,000. एकूण 6,66,000, म्हणजे किलोमीटरला 37 रुपये.

भाडं ठेवलंय किलोमीटरला 25 रुपये, फेरीला 750. सहाशेपैकी 120 फेऱ्या पूर्ण माफ. आता माफ केलेलं भाडं झालं 120 गुणिले 750, म्हणजे 90,000. हे पैसे कुणाच्या हातून गेलेले नाहीत, ते फक्त आलेले नाहीत. त्या फेऱ्यांचं डिझेल वरच्या 2,34,000 मध्ये आधीच बसलंय, ड्रायव्हरचा पगारही. जमेला प्रत्यक्ष आलेले 3,60,000 दाखवले असतील, तर तूट 3,06,000. त्यावर माफीचे 90,000 खर्चात टाकले, की तूट 3,96,000 दिसते आणि ट्रस्ट देणगीदारांकडे नसलेल्या खड्ड्यासाठी पैसे मागतो.

माफी दाखवायचीच असेल, आणि दाखवावी, तर जमेला पूर्ण आकारणी 4,50,000 लिहा आणि त्यातून 90,000 वजा करा. तूट तीच राहते, पण किती सोडलं ते सभेला दिसतं.

मग मोफत फेरीचा खर्च किती? इथे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. गाडी आणि ड्रायव्हर रिकामेच बसले होते, तर त्या फेरीने वाढलेला खर्च 30 गुणिले 13, म्हणजे 390 रुपये. सगळा वाटा धरला तर 37 च्या दराने 1,110. फेरी माफ करायची की नाही हे ठरवताना 390 बघावेत. देणगीदाराला ‘एका फेरीचा खर्च उचला’ म्हणायचं असेल तर 1,110 सांगावेत. 750 मागितले तर उरलेले 360 ट्रस्टच्याच अंगावर पडतात. तसे ते पूर्ण भाडं भरणाऱ्याच्या फेरीतही पडतात. म्हणजे सवलत सगळ्यांनाच आहे, पावतीवर ती फक्त 120 जणांच्या दिसते.

390 च्या आकड्याला मर्यादा आहे. मोफत फेरीला गाडी गेली आणि त्याच वेळी भाड्याचा फोन परत पाठवावा लागला, तर त्या भाड्यातून इंधन-देखभाल वगळून हाती आले असते ते 360 रुपयेही गेले. आणि फेऱ्या वाढून तिसरा ड्रायव्हर ठेवावा लागला, की पगाराचा आकडा एकदम उडी मारतो. तेव्हा आधीचा हिशेब कामाचा राहत नाही.

हे सगळं टिकतं ते ड्रायव्हरच्या लॉगबुकवर. आमच्याकडे मोफत फेरीची पावतीच फाडत नसत. वर्षअखेरीस मीटर 18,000 दाखवी आणि पावत्यांची बेरीज 14,400. मधले 3,600 किलोमीटर कुठे गेले, असं हिशेब तपासनिसांनी विचारलं आणि चार दिवस सगळे ड्रायव्हरकडे संशयाने बघत होते. बिचाऱ्याने डिझेलचा थेंबही इकडचा तिकडे केला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक फेरीची पावती फाडतो: आकारणी 750, माफी 750, मिळाले शून्य, खाली माफी मंजूर करणाऱ्याची सही. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्याची माफी लिहायची नाही, ती येणे बाकी. वसूल होणार नाही असं विश्वस्तांनी ठरवेपर्यंत ती तिथेच राहते. महिन्याच्या शेवटी पावत्यांवरचे किलोमीटर मीटरशी जुळवायचे. गॅरेजला नेल्या-आणल्याचा फरक थोडा राहतोच, त्याचीही लॉगबुकात ओळ असते.