व्हेंचुरी खत का ओढत नाही? गळ्यातल्या दाबाचा हिशेब

आंबिया बहाराला खत सोडायचे दिवस आले की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागायतदारांची आमच्या दुकानात एकच तक्रार असते: "व्हेंचुरी खत ओढत नाही, उलट टाकीतच पाणी सोडते." ठिबकच्या पाण्यात टाकीतले खत ओढून मिसळणारी ही व्हेंचुरी बहुतेक वेळा चांगली असते. तिच्या गळ्यातून पाणी पुरेशा वेगाने जात नसते, एवढेच. त्यामागचा हिशेब इथे पूर्ण मांडला आहे, म्हणजे कॉक किती फिरवायचा हे तुम्हाला बागेतच ठरवता येईल.

व्हेंचुरीचे तोंड रुंद, मधला गळा अरुंद आणि पुढची बाजू हळूहळू रुंदावत गेलेली असते. पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळे एका सेकंदात जेवढे पाणी तोंडातून आत येते, तेवढेच गळ्यातून पुढे जावे लागते. तोंडाचा आतला व्यास २० मिमी आणि गळ्याचा ८ मिमी धरा. व्यास अडीच पट कमी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सव्वासहा पट कमी. तेव्हा गळ्यात वेगही सव्वासहा पट झालाच पाहिजे.

आता दाबाचे पाहू. जागा अरुंद झाली म्हणजे दाब वाढणार, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट होते. संथ पाण्याला वेग यायचा तर मागून रेटा हवा, आणि मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असेल तरच तो मिळतो. दाबाच्या रूपातली ऊर्जा वेगात खर्च होते, म्हणून गळ्यातला दाब उतरतो. पाइप आडवा असेल आणि घर्षण सोडून दिले, तर सूत्र असे:

P₁ − P₂ = ½ × ρ × (v₂² − v₁²)

यात P₁ आणि v₁ म्हणजे तोंडाशी असलेला दाब आणि वेग, P₂ आणि v₂ म्हणजे गळ्यातला दाब आणि वेग, आणि ρ म्हणजे पाण्याची घनता, १००० किलो प्रति घनमीटर.

समजा व्हेंचुरीतून तासाला १८०० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी जाते आहे. तोंडाशी वेग सेकंदाला १.६ मीटर येतो, गळ्यात १० मीटर. सूत्रात घातल्यावर दाबातला फरक सुमारे ४८,७०० पास्कल निघतो. गेजच्या भाषेत तो अर्धा किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो. तोंडाशी गेज दीड किलो दाखवत असेल, तर गळ्यात अजून एक किलो दाब उरला. बाहेरच्या हवेपेक्षा तो जास्त आहे, त्यामुळे पाणी सक्शन नळीतून टाकीकडे धावणार. तुमची तक्रार ती हीच.

प्रवाह दुप्पट केला तर? वेग दुप्पट होतो, पण सूत्रात वेगाचा वर्ग असल्यामुळे दाबातला फरक चौपट होतो. तासाला ३६०० लिटरला फरक दोन किलो. दीड किलोतून दोन किलो गेले, म्हणजे गळ्यातला दाब हवेच्या दाबाखाली अर्धा किलो. आता बाहेरची हवाच टाकीतल्या खताला गळ्यात ढकलते. टाकी एक मीटर खाली असेल तर त्यातला ०.१ किलो खत वर चढवण्यातच जातो, म्हणून ती फार खाली ठेवू नका.

हा प्रवाह वाढवायचा कसा? व्हेंचुरी बायपासवर असते. मेन लाइनचा कॉक पूर्ण उघडा असेल तर व्हेंचुरीच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच दाब राहतो आणि पाणी सरळ मेनमधूनच निघून जाते. म्हणून मेनचा कॉक थोडा थोडा आवळत जा आणि दोन्ही बाजूंचे गेज पाहत राहा. गळ्यापुढे वेग कमी होताना दाब परत चढतो, पण भोवऱ्यांमध्ये बरीच ऊर्जा जात असल्यामुळे तो पूर्ण परत येत नाही. अंदाजे एक तृतीयांश दाब गेला असे धरून चाला: आत दीड किलो, बाहेर एक किलो. एक किलोवर बहुतेक ड्रिपर नीट चालतात. बाहेरचा दाब त्याहून फार खाली आला, तर शेवटच्या ओळीतल्या झाडांना पाणी आणि खत दोन्ही कमी पडेल. अशा वेळी कॉक आणखी आवळू नका. पंपाचा दाब किंवा फिल्टर तुंबला आहे का, ते आधी पाहा.

ओढ आहे की नाही हे पाहायला सक्शन नळी काढून त्या तोंडावर बोट ठेवा. बोट आत खेचले गेले तर व्हेंचुरी चालू आहे. मग खत येत नसेल तर नळीच्या टोकाची जाळी तपासा. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत असतील तर क्लिप सैल आहे आणि खताऐवजी हवा आत जाते आहे.

ओढीलाही मर्यादा आहे. हवेच्या दाबाखाली जवळजवळ एक किलोपर्यंत गळा उतरला की तिथे पाण्याची वाफ होऊ लागते. व्हेंचुरीतून खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि कॉक आणखी आवळूनही ओढ वाढत नाही. तो आवाज आला की कॉक थोडा सैल करा, नाहीतर गळा आतून खरवडला जाईल.

पाणी जास्त जावे म्हणून काही जण गळा ड्रिलने मोठा करून घेतात. कृपा करून तसे करू नका. ८ चा गळा १० मिमी केला, तर त्याच ३६०० लिटरला दाबातला फरक दोन किलोवरून पाऊण किलोच्या आसपास येतो, आणि टाकीत पुन्हा पाणी भरू लागते. तुमच्या पंपाला मोठी व्हेंचुरी हवी असेल तर पंपाचा तासाचा प्रवाह आणि गेजवरचा दाब लिहून आणा. त्यावरून गळ्याचे माप आम्ही तुमच्यासमोरच काढून देऊ.