हीटमॅप फिका आहे म्हणजे रिडंडंट फीचर नाही?

"हीटमॅपमध्ये ०.९ च्या वर एकही चौकोन नाही, म्हणजे रिडंडंट फीचर नाही, बिनधास्त मॉडेल लावा."

असं नसतं. एक चौकोन फक्त दोनच कॉलम बघतो, बाकीच्यांनी मिळून काय केलंय ते त्याला दिसत नाही. समजा दहा कॉलम आहेत, एकमेकांशी कोरिलेशन शून्य, व्हेरियन्स सारखा, आणि अकरावा म्हणजे त्यांची बेरीज. त्याचं प्रत्येकाशी कोरिलेशन १/√१०, म्हणजे ०.३२ च्या आसपास, रंग एकदम फिका, पण नवीन माहिती काहीच नाही. चेक करा:

```python
np.linalg.eigvalsh(df.corr()).min()
```

उत्तर जवळपास शून्य आलं की समजायचं कुठेतरी रिपीट आहे (कोव्हेरियन्सवर नको, युनिट बदललं की आकडा बदलतो). मग एकेक कॉलम बाकीच्यांवर रिग्रेस करून आर-स्क्वेअर बघा. इथे अकराही जणांचा १ येईल, म्हणून कुठलाही एकच काढायचा, सगळे नाही.