पीडीएफमधल्या आलेखाचे आकडे पुन्हा टाइप न करता कसे काढावेत
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अहवालात पावसाचा आलेख छापलेला असतो, पण त्यामागचा तक्ता नसतो. मग पट्टी लावून अंदाजे आकडे काढले जातात. आलेख व्हेक्टर असेल तर याची गरज नाही, कारण रेषेच्या प्रत्येक वळणाची जागा पीडीएफमध्ये आकड्यांतच लिहिलेली असते.

आधी आलेख व्हेक्टर आहे का ते पाहा. ८०० टक्के झूम करा. रेषेची कड धारदार राहिली तर व्हेक्टर; चौकोनी ठिपके दिसले तर ते चित्र आहे आणि पुढची पद्धत चालणार नाही. छापून स्कॅन केलेली प्रत किंवा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणूनच उपयोगाचा नसतो. मूळ फाइल मिळवा.

पीडीएफचा आतला मजकूर बहुधा दाबून साठवलेला असतो. तो `qpdf` या मोफत साधनाने उघडता येतो. आलेख १४व्या पानावर असेल तर:

```
qpdf ahwal.pdf --pages . 14 -- pan.pdf
qpdf --qdf --object-streams=disable pan.pdf khula.pdf
```

इथे १४ म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेलं पान. तळाशी छापलेला क्रमांक मुखपृष्ठामुळे वेगळा असू शकतो, आणि पहिली चूक हमखास इथेच होते.

`khula.pdf` नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा, पण सेव्ह करू नका. `Contents for page` शोधा. त्याखाली फक्त `/Fm0 Do` अशी एखादी ओळ दिसली, तर आलेख त्या नावाच्या वेगळ्या वस्तूत आहे, तिथे जा. मग रंगावरून रेषा ओळखा. `RG` च्या आधीचे तीन आकडे म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचं प्रमाण, ० ते १ मध्ये. सूचीतल्या नमुना-रेषेचा रंगही तोच असतो, पण तिला दोनच टोकं असतात.

उदाहरण म्हणून सांताक्रूझच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाचा आलेख घेऊ. (आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत.)

```
114 100 m 120 100 l S
114 200 m 120 200 l S
114 300 m 120 300 l S
0 0.45 0.7 RG
120 201.4 m
180 268 l
240 224.6 l
300 168.2 l
S
```

`m` म्हणजे पेन इथे ठेव, `l` म्हणजे इथपर्यंत रेषा ओढ, `S` म्हणजे ती रंगव. पहिल्या तीन ओळी उभ्या अक्षावरच्या खुणा आहेत, आणि त्यांच्याशेजारी छापलं आहे ०, ५०० आणि १००० मिमी. म्हणजे २०० एकक उंचीत १००० मिमी, एका एककाला ५ मिमी. जूनचा पाऊस (२०१.४ − १००) × ५ = ५०७ मिमी. जुलै ८४०, ऑगस्ट ६२३, सप्टेंबर ३४१. चारही ओळी एक्सेलमध्ये A2 पासून चिकटवा, `Text to Columns` ने वेगळ्या करा आणि उंची B स्तंभात असेल तर हे सूत्र खाली ओढा:

```
=(B2-100)*1000/(300-100)
```

दोन खुणांवर गणित होतं, तरी तिसरी तपासाच. ५०० ची खूण बरोबर मध्ये, २०० वर आली, म्हणून अक्ष सरळ आहे. १, १०, १०० या खुणा सारख्या अंतरावर असतील तर अक्ष लॉगचा आहे; तिथे आधी खुणांच्या किमतींचा लॉग घ्या, शेवटी उलटा करा. अचूकताही इथेच कळते. उंची एका दशांश स्थळापर्यंत लिहिली आहे, म्हणून प्रत्येक उत्तरात ०.२५ मिमीपर्यंत फरक संभवतो. त्यापुढचे दशांश लिहिणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

आकडे भलतेच आले तर बहुधा `cm` ही आज्ञा कारण असते. ती पुढच्या सगळ्या मापांची पट्टी आणि आरंभबिंदू बदलते, `Q` येईपर्यंत. खुणा आणि रेषा एकाच `cm` खाली असतील तर तिच्याकडे दुर्लक्ष करा, कारण गुणोत्तर तेच राहतं. वेगवेगळ्या असतील तर आधी दोन्ही एका मापात आणावं लागतं.

ठिपक्यांच्या आलेखात आणखी एक गंमत आहे. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक ठिपक्याआधी असं काही दिसतं:

```
1 0 0 1 60 66.6 cm
/M0 Do
```

६० आणि ६६.६ ही जागा नव्हे, आधीच्या ठिपक्यापासूनचं अंतर आहे. बेरीज करत जावं लागतं. ती विसरली की सगळे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात. गुळगुळीत वळणाच्या रेषेत `l` ऐवजी `c` असतं आणि त्याआधी सहा आकडे. त्यांतले शेवटचे दोनच बिंदूची जागा सांगतात, बाकीचे चार वळणाचा आकार.

एक मर्यादा मात्र टळत नाही. हजारो बिंदूंच्या लांब रेषेतले काही बिंदू आलेख काढणारं सॉफ्टवेअरच गाळतं, कारण ते डोळ्यांना दिसणार नसतात. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे सुमारे ३६५० बिंदू. ते १२०० भरले, तर उरलेले फाइलमध्ये नाहीतच. म्हणून आधी बिंदू मोजा, मग अहवालाच्या मजकुरातला एखादा आकडा शोधून ताडून पाहा. आपल्या उदाहरणात चार महिन्यांची बेरीज २३११ मिमी येते. मजकुरात हंगामाचा एकूण पाऊस २३११ च्या मिलिमीटरभर इकडेतिकडे छापला असेल तर वाचन बरोबर आहे. ५० मिमीचा फरक आला तर आधी खुणा चुकीच्या घेतल्या का ते पाहा.