एटीआर म्हणजे उद्याचं टार्गेट नव्हे

"सोन्याचा एटीआर १,२०० आहे, म्हणजे आजच्या बंद भावात १,२०० मिळवले की उद्याचं टार्गेट, बरोबर ना भाऊ?" – लातूरच्या सराफ्यातला प्रश्न.

नाही. एटीआर म्हणजे ॲव्हरेज ट्रू रेंज, भावाच्या रोजच्या खऱ्या रेंजची सरासरी; त्याला दिशाच नसते. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे माप दिवसाची हालचाल किती मोठी असते एवढंच सांगतं, तेही बहुधा १४ दिवसांच्या सरासरीने.

समजा काल भाव १,००,००० वर बंद झाला. आज नीचांक १,००,४०० आणि उच्चांक १,०१,३००. दिवसातला फरक ९०० दिसतो, पण उघडतानाची उडी धरून खरी रेंज १,३०० होते. सरासरी १,२०० असताना आजचा कोटा संपलाच की! आता इथून आणखी १,२०० ची आशा धरणं म्हणजे घागर भरल्यावरही नळ सुरू ठेवणं. कोटा संपला म्हणून भाव थांबेलच असंही नाही. संध्याकाळी अमेरिकेची आकडेवारी आली की एका दिवसात दोन एटीआरही होतात.

चार दिवसांचं टार्गेट काढताना १,२०० ला चाराने गुणू नका. भाव पुढे-मागे होत चालतो, म्हणून ढोबळमानाने चाराचं वर्गमूळ, म्हणजे दुप्पट धरा: २,४००, वर किंवा खाली.

मग दिशा? भावाच्या सरासरीच्या वर-खाली चार्टवर काढतात त्या रेषा, म्हणजे बोलिंजर बँडही ती ठरवत नाही. जोरदार तेजीत भाव वरच्या बँडला चिकटून कितीतरी दिवस चढतो. बँडला टेकला म्हणून विकणारे तिथेच मार खातात.